अँगलची कैची बनवताना या चुका टाळा: सेंटर लाइन चुकली की सगळंच चुकतं

वेल्डिंग छान झालंय, जोडावरची गसेट प्लेट पण जाड टाकलीय, तरी छताची कैची उभी केल्यावर खालचा आडवा टाय आधाराजवळ वाकलेला दिसतो. अशा वेळी बहुतेकजण वेल्डला दोष देतात, पण गडबड लेआउटमध्ये झालेली असते.

समजा ६ मीटरचा स्पॅन, मधे उंची १.२ मीटर, सगळा अँगल ५०×५०×६. कोन काढताना बरेच जण १.२ ला पूर्ण ६ ने भागतात आणि ११ अंश घेऊन बसतात, अरे उतार अर्ध्या स्पॅनवर असतो, म्हणजे १.२ भागिले ३, कोन २१.८ अंश आणि वरच्या तिरक्या राफ्टरची रेषा साधारण ३.२३ मीटर. शेंड्याला उभा कट हवा तर कटऑफ मशीनवर चौकोनी कटपासून २१.८ अंश फिरवायचं, कोनमापक दांड्याला धरून मोजलं तर तोच ६८.२ दिसतो, इथेच लोक गोंधळतात. खालच्या टोकाला टायवर टेकणारा निमुळता कट काढायच्या भानगडीत पडूच नका, चौकोनी कापा आणि गसेटवर चढवा.

आता मुख्य चूक. जमिनीवर फुल साइज आखताना अँगलच्या बाहेरच्या कडा जुळवतात. जोर कडेतून जात नाही, तो अँगलच्या गुरुत्वमध्याच्या, म्हणजे सेंट्रॉइडच्या रेषेतून जातो आणि ५०×५०×६ मध्ये ती रेषा पाठीपासून साधारण १४.५ मिमी आत असते. आधी या रेषा सुतळीने आखा, राफ्टर आणि टायच्या रेषा कैची टेकते त्या बेअरिंगच्या मध्यावरच मिळायला हव्यात, मग त्यावर अँगल ठेवा. मिळण्याची जागा १०० मिमी सरकली आणि आधारावर १० किलोन्यूटन आलं तर १ किलोन्यूटन-मीटरचा वाकवणारा मोमेंट तयार होतो, आणि हा एकच अँगल तो एकट्याने घ्यायला गेला तर यील्डच्या पुढे जातो, म्हणजे कायमचा वाकतो. गसेट जाड करून हे सुटत नाही, बेअरिंग प्लेट सरकवा नाहीतर गसेट मोठी करून राफ्टर जागेवर आणा.

बोल्टचं वेगळं आहे, तिथे भोकांची रेषाच जुळवतात, ५० च्या पायावर पाठीपासून २८ मिमी. म्हणजे कडेला २२ मिमी उरतात, एम१६ ला ते कमी पडतात (१८ च्या भोकाला २७ लागतात), म्हणून इथे एम१२ च बरा.

वेल्ड करत असाल तर आधी सगळे जोड छोट्या ठिपक्यांनी फक्त टॅक करा, सुतळी परत लावून बघा, मगच पक्कं करा. एक बाजू पूर्ण ओढून मग पलटवली तर कैची आकसून धनुष्यासारखी होते, मग हातोडा मारून सरळ करत बसायचं. त्यापेक्षा थोडं थोडं करत पलटवत राहा, आणि अँगलच्या गोल टोकाच्या कडेला वेल्ड ४.५ मिमीपेक्षा मोठा घेऊ नका, ती कडच वितळून जाते.