सुपर मारिओची पहिली पातळी वाचताना

सुपर मारिओ ब्रदर्सच्या (1985) १-१ पातळीत शेवटाकडे पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत. त्यांचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवून बघा. पहिल्या जोडीत मधे सपाट जमीन आहे, त्यामुळे उडी चुकली तरी फक्त पुन्हा चढावं लागतं. दुसरीत तिथेच खड्डा आहे आणि चूक झाली की जीव जातो. म्हणजे उडी आधी फुकटात शिकवली, मग तिची परीक्षा घेतली. कुठल्याही पातळीची रचना अशी वाचायची असेल तर तिच्या प्रत्येक अडथळ्यापुढे ‘इथे चुकलं तर काय जातं?’ एवढंच लिहा. स्वतः खेळून मात्र हे नीट कळत नाही, कारण हात सरावलेले असतात. कधीच न खेळलेल्याच्या हाती कंट्रोलर द्या आणि गप्प बसा. तो थबकतो ती जागा टिपा.