मराठी व्हॉइस टायपिंग: ‘करू नये’चं ‘करून ये’ होतं तेव्हा (या चुका टाळा)

बोलून लिहिलेला मसुदा बघितला की आधी खटकतात ते विचित्र शब्द, म्हणजे मधेच कुठलातरी अर्थ नसलेला शब्द घुसलेला असतो. पण त्याची काळजी नको, तो डोळ्याला टोचतोच. खरा घोळ होतो जिथे चुकीचा शब्दसुद्धा बरोबर मराठी असतो, तिथे लाल रेघ येत नाही आणि आपणही तीनदा वाचून पुढे जातो.

मागे एका मशीनच्या सूचना बोलून लिहीत होतो. मी बोललो ते असं: ‘मशीन चालू असताना झाकण उघडू नये पूर्णविराम आधी प्लग काढावा स्वल्पविराम मगच साफसफाई करावी पूर्णविराम’. आणि स्क्रीनवर आलं हे:

‘मशीन चालू असताना झाकण उघडून ये पूर्ण विराम आधी प्लग काढावा स्वल्पविराम मग च साफ सफाई करावी पूर्णविराम’

पहिलंच वाक्य उलटं झालं बघा! ‘उघडू नये’ आणि ‘उघडून ये’ यात आवाज तोच, फरक फक्त जागा कुठे सोडली त्याचा. करू नये, जाऊ नये, पिऊ नये, सगळ्यांचं हेच. म्हणून मी आता डिक्टेट करताना ‘नये’ वापरतच नाही, ‘उघडायचं नाही’ असं बोलतो आणि नंतर हाताने बदलतो. आणि जुना मसुदा असेल तर Ctrl+F मारून ‘न ये’ शोधायचं, त्यात ‘घेऊन येतो’ वगैरे पण सापडतं पण एकेक बघायला दोन मिनिटं लागतात, तेवढी द्यायचीच.

दुसरी चूक म्हणजे विरामचिन्हं आपोआप येतील असं धरून चालणं. गुगल डॉक्समध्ये इंग्रजीत बोललं की खूण उमटते, मराठीत मात्र ‘पूर्णविराम’ हा शब्दच टाइप होऊन येतो. बरेच जण वैतागून मग काहीच बोलत नाहीत आणि शेवटी पान-पानभर एकच वाक्य हातात येतं, कुठे संपलं ते स्वतःलाच आठवत नाही. त्यापेक्षा शब्द बोलाच, तो खुणेसारखा वापरायचा आणि शेवटी Ctrl+H ने बदलून टाकायचा. शोधताना शब्दाच्या आधीची जागा पण घ्या, म्हणजे ‘ पूर्णविराम’ च्या जागी ‘.’, नाहीतर टिंब शब्दापासून सुटून लोंबकळतं. वर बघितलंत ना, एकाच उताऱ्यात ‘पूर्ण विराम’ आणि ‘पूर्णविराम’ दोन्ही आलेत, त्यामुळे दोन्ही रूपं वेगवेगळी बदलायची. नुसतं ‘विराम’ शोधून बदलू नका, स्वल्पविरामाचं ‘स्वल्प.’ होऊन बसेल.

आता तुटलेले शब्द. ‘मग च’, ‘त्या ला’, ‘करण्या साठी’, हे तर प्रत्येक पानावर. इथे मी एकदा चांगलाच आपटलो. ‘ च’ शोधून ‘च’ केलं, सगळे बदला दाबलं, आणि ‘एक चमचा’चं ‘एकचमचा’ झालं, ‘ते चार’चं ‘तेचार’, कारण च पासून सुरू होणारा प्रत्येक शब्द मागच्याला जाऊन चिकटला. Ctrl+Z ने वाचलो. बरोबर पद्धत अशी की च च्या दोन्ही बाजूची जागा घ्यायची, ‘ च ’ शोधायचं आणि ‘च ’ ठेवायचं. ‘ला’ला पण हेच, नाहीतर ‘तो लाल’ जुळून येईल. आणि हे काम विरामचिन्हांच्या आधी करा हं, कारण एकदा ‘मग च.’ झालं की च च्या पुढे जागाच उरत नाही आणि तो सापडत नाही. ‘वर’ आणि ‘मध्ये’ मात्र सरसकट जोडायचे नाहीत, ‘तो वर गेला’ मधला वर सुटाच हवा, तिथे एकेक बघूनच ठरवावं लागतं.

मसुद्यात ‘में’, ‘है’ दिसायला लागले तर दुरुस्त करत बसू नका, माईकवरची भाषा हिंदी राहिलीय. डॉक्समध्ये Ctrl+Shift+S दाबलं की माईक येतो, त्याच्यावरच भाषेची यादी असते, तिथे मराठी करा आणि तो परिच्छेद परत बोला.

बोलताना चुका दिसल्या तरी थांबायचं नाही, पण शक्य असेल तर दुसऱ्या फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. माईक कधी मधेच बंद पडतो, आपण बोलत राहतो आणि अख्खं वाक्य गायब असतं. वाचून ते कळत नाही, कारण आधीचं आणि नंतरचं वाक्य नीट असतं. रेकॉर्डिंग लावून मजकुरावरून बोट फिरवत गेलं की जिथे आवाज पुढे जातो आणि बोट अडतं तिथे काहीतरी गळलंय.

‘केलं’ आणि ‘केले’ची सरमिसळ सगळ्यात शेवटी निस्तरायची.