चेकवर मराठीत अक्षरी रक्कम छापायची, तर आधी नव्याण्णव ओळी हाताने लिहा

इंदूरच्या रामबागेत बसून मी एका देवस्थानाचे चेक छापतो. देवस्थानाचं खातं नाशिकच्या शाखेत आहे, हे आधीच सांगतो, कारण त्याला महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ग्राहक हिंदी, इंग्रजी किंवा त्या भागाच्या प्रादेशिक भाषेत चेक लिहू शकतो. महाराष्ट्रातल्या शाखेसाठी मराठी चालते. इंदूरच्या शाखेचा चेक असेल, तर शाखेला विचारल्याशिवाय मराठीत छापू नका.

लागतं ते एवढंच: एक्सेल किंवा लिब्रेऑफिस, आणि त्यात एक तक्ता. पहिल्या स्तंभात 1 ते 99 हे आकडे, दुसऱ्यात त्यांचे शब्द. दोन्ही स्तंभ मिळून `shabd` असं नाव द्या.

आता या तक्त्याबद्दलच बोलतो, कारण सगळी फसगत इथेच होते. तीस आणि पाच जोडून पस्तीस होईल असं सूत्र कितीतरी जण सुचवतात. मराठीत ते चालत नाही. 37 सदतीस, 47 सत्तेचाळीस, 67 सदुसष्ट, 77 सत्त्याहत्तर. एकाच साताची चार रूपं झाली. त्यात नऊवाला आकडा नेहमी पुढच्या दशकाच्या नावावर जातो: 59 एकोणसाठ, 69 एकोणसत्तर, 79 एकोणऐंशी, 89 एकोणनव्वद. आणि 99 ला हाही नियम सुटतो, तिथे नव्याण्णव. म्हणून सूत्राच्या नादी लागू नका, नव्याण्णवच्या नव्याण्णव ओळी स्वतः टाइप करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

इंटरनेटवरून तयार यादी उचलू नका, हे मी ठासून सांगतो. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं. यादीत मधेमधे हिंदी घुसलेली होती. 79 समोर चक्क ‘उन्यासी’. आपल्या इंदुरी कानाला ते खटकतही नाही, कारण दिवसभर बाजारात हिंदीच आकडे बोलतो. मी ती ओळ उडवली, नंतर नीट लिहू म्हटलं आणि विसरलो. पुढे मंडपवाल्याला 79,000 चा चेक गेला आणि त्यावर छापलं होतं ‘अठ्ठ्याहत्तर हजार’. अंक आणि अक्षर जुळत नाही म्हणून चेक परत आला. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम 18 म्हणतं की अशा वेळी अक्षरी रक्कम धरावी. पण प्रत्यक्षात बँक चेक परतच करते. शिवाय सीटीएस चेकवर खाडाखोड चालत नाही, म्हणजे शब्द चुकला की तो चेक वाया.

ओळ नव्हती, तर चूक दाखवायची सोडून एक्सेलने 78 चा शब्द का दिला? कारण मी VLOOKUP ला शेवटचा FALSE दिला नव्हता. तो नसला, की नेमका आकडा न सापडल्यास त्याच्या आधीचा सर्वांत जवळचा आकडा गपचूप उचलला जातो. FALSE असेल तर #N/A येतो आणि तुम्ही जागे होता. ही एक गोष्ट विसरलात तर बाकी सगळं करून उपयोग नाही.

टाइप करताना 74, 84 आणि 94 कडे डोळ्यांत तेल घालून बघा: चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव. इथे ‘ऱ्या’ हवा. हिंदी सवयीने साधा र टाइप केला की रफार य च्या डोक्यावर चढतो आणि ‘चौर्याहत्तर’ होतं. इनस्क्रिप्ट कळफलकावर र ची कळ शिफ्टसह दाबली की ऱ मिळतो. पन्नाशीतल्या शब्दांना दोन न: बावन्न, त्रेपन्न, चोपन्न, छप्पन्न. ‘छप्पन दुकान’च्या पाट्या वाचून वाढलेल्या आपल्या हाताला हा दुसरा न मुद्दाम शिकवावा लागतो. टायपिंग युनिकोडमध्येच करा. कृतिदेवमध्ये केलेला तक्ता तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो.

तक्ता झाला, की रक्कम फोडायची. A2 मध्ये रक्कम. तिचे आधी पैसे करून घ्या आणि पुढचं सगळं त्या पूर्णांकातूनच काढा, म्हणजे दशांशाची गडबड मागे लागत नाही.

```
B2: =ROUND(A2*100,0)
C2: =INT(B2/1000000000)
D2: =MOD(INT(B2/10000000),100)
E2: =MOD(INT(B2/100000),100)
F2: =MOD(INT(B2/10000),10)
G2: =MOD(INT(B2/100),100)
H2: =MOD(B2,100)
```

C ते H म्हणजे क्रमाने कोटी, लाख, हजार, शेकडा, उरलेले रुपये आणि पैसे. 1,79,184.50 टाकून बघा: 0, 1, 79, 1, 84, 50 असं यायला हवं.

मग प्रत्येकाचा शब्द. हजाराचा K2 मध्ये असा, आणि याच साच्यात कोटीचा I2, लाखाचा J2. उरलेल्या रुपयांचा M2, त्याला पुढे काही जोडायचं नाही. पैशांचा N2, त्यात शब्दाआधी ‘आणि’ व शेवटी ‘पैसे’. शेकड्याचं तेवढं वेगळं आहे: एकशे, दोनशे, नऊशे हे ‘शे’ जोडून होतात, पण नुसत्या शंभराला ‘एकशे’ लिहून भागत नाही.

```
K2: =IF(E2=0,"",VLOOKUP(E2,shabd,2,FALSE)&" हजार")
L2: =IF(F2=0,"",IF(AND(F2=1,G2=0),"शंभर",
    VLOOKUP(F2,shabd,2,FALSE)&"शे"))
O2: =TRIM(I2&" "&J2&" "&K2&" "&L2&" "&M2&" "&N2&" फक्त")
```

TRIM रिकाम्या जागांमुळे पडलेली जादा अंतरं काढून टाकतो. सुरुवातीला ‘रुपये’ घालू नका, ते चेकवर आधीच छापलेलं असतं. आपल्या रकमेचं उत्तर येईल: ‘एक लाख एकोणऐंशी हजार एकशे चौऱ्याऐंशी आणि पन्नास पैसे फक्त’. दीडशे, अडीचशे, सव्वा लाख हे बोलण्यात गोड लागतात, चेकवर नकोत.

कोटीच्या घरात 99 च्या वर गेलात तर #N/A येईल. येऊ द्या, तक्ता तिथे संपतो.

तपासणी दोघांनी करायची. A स्तंभात 1 ते 99 भरून सूत्रं खाली ओढा, छापून घ्या. एकाने आकडा म्हणायचा, दुसऱ्याने कागदावरचा शब्द मोठ्याने वाचायचा. माझ्याकडे हे काम आई करते. हिंदी आकडा तिला लगेच टोचतो, ‘अरे, हे उनसठ कुठून आलं?’ म्हणून थांबवते. त्यानंतर 100, 101, 1,100, 1,00,000 आणि 10,00,079 या रकमा वेगळ्या तपासा. शेवटी तक्त्यातली 5 ची ओळ मुद्दाम उडवून 5,05,05,505.05 ही रक्कम टाका. I2 ते N2 या सगळ्यांत #N/A दिसला तर FALSE सगळीकडे आहे. ओळ लगेच परत घाला.

छपाई साध्या कागदावर करून तो कोऱ्या चेकवर ठेवा आणि खिडकीच्या उजेडात धरून जागा जुळवा. शब्द ओळीच्या अगदी डाव्या टोकापासून सुरू झाले पाहिजेत आणि ‘फक्त’नंतर उरलेल्या जागेत आडवी रेघ मारायची.