खिडकीचा उजेड आणि पिवळे दिवे: इंटिरियर रेंडरमधल्या या चुका टाळा

बाणेरमधला टू बीएचके. हॉल साधारण 12 बाय 16 फुटांचा, पश्चिमेला बाल्कनीचा सरकता दरवाजा, सोफ्याशेजारी स्टँडिंग लॅम्प. घरमालकांना हवंय ‘दिव्यांच्या उजेडातलं ऊबदार’ चित्र, आणि स्केचअपमध्ये वेळ लावलेली असते दुपारी बाराची. पुण्यातल्या कितीतरी रेंडरची गाडी इथेच अडते, आणि पुढच्या चुका एकीतून दुसरी अशा निघत जातात.

पहिली चूक म्हणजे दिव्याला सूर्याशी झुंजायला लावणं. तापकीर गल्लीत मिळणारा 9 वॉटचा एलईडी बल्ब साधारण 800 ते 900 लुमेन देतो. तो अर्ध्या मीटरवरच्या भिंतीवर जेमतेम 250 लक्स पाडतो. भर दुपारी त्याच भिंतीवर खिडकीतून 1000 लक्स येत असतील, तर दिवा लावल्यावर उजेड फक्त पाव हिश्शाने वाढतो. डोळ्याला तो जाणवतही नाही. मग दिवा ‘दिसावा’ म्हणून लुमेन दहापट केले जातात. शेड पांढराफटक होतो, त्यामागच्या भिंतीवर जळका डाग येतो. तो झाकायला एक्स्पोजर खाली ओढलं की सगळी खोली मळकट दिसते. शेवटी छताजवळ एक मोठा अदृश्य प्लेन लाइट टाकला जातो आणि सोफ्याखालची सावली, कोपऱ्यातला अंधार, पडद्याच्या चुण्या हे सगळं पुसलं जातं. चित्र सपाट होतं ते या प्लेन लाइटमुळे. पण त्याचं मूळ बाराच्या उन्हात आहे.

म्हणून दिवा वाढवू नका, दिवस उतरवा. पश्चिमेच्या हॉलमध्ये साडेचारचं ऊन घेऊन भागत नाही. ते थेट फरशीवर पडतं आणि तो पट्टा हमखास जळतो. मला अशा हॉलसाठी पावसाळी दुपार सगळ्यात आवडते. भरून आलेल्या आभाळाखाली बाहेर 10,000 लक्स धरले आणि त्यातले दोन टक्के आत पोचले, तर भिंतीवर 200 लक्स होतात. आता तोच 250 लक्सचा दिवा भिंतीचा उजेड दुपटीहून जास्त करतो. श्रावणात पुणेकर दुपारीही दिवे लावतात, तेव्हा चित्र खरंही वाटतं.

व्ही-रेमध्ये हे करायचं तर सूर्य बंद करा आणि आकाशाचं मॉडेल `CIE Overcast` ठेवा. दिव्याचं एकक `Luminous Power (lm)` करून बल्बच्या खोक्यावरचा आकडाच लिहा. मग सगळे दिवे बंद करून फक्त खिडकीवर चाचणी रेंडर घ्या. स्केचअपसाठीच्या व्ही-रेमध्ये एक्स्पोजर व्हॅल्यू मुळात 14 च्या आसपास असते, ती उन्हातल्या इमारतीसाठी ठीक. हा आकडा कमी केला की चित्र उजळतं, म्हणून इथे 7 पासून सुरुवात करा आणि अर्ध्या-अर्ध्या पायरीने हलवा. खोली किंचित अंधारी वाटेल तिथे थांबा. ही कसर मुद्दाम ठेवायची, कारण ती दिवे भरून काढतात. खिडकीनेच खोली पूर्ण उजळली, तर दिव्यांना जागाच उरत नाही.

आता दिवे लावा. शेड भिंतीपेक्षा स्पष्ट उजळ हवा, पण त्याच्या कापडाचा पोत दिसायला हवा. पोत गेला असेल, तर आधी शेडचं मटेरियल तपासा. कापडासाठी `Two Sided` मटेरियल वापरलं, की उजेड त्यातून गाळून बाहेर येतो. बाहेरचं आभाळ पांढरं पडणारच, कारण ते आतल्या भिंतीपेक्षा पन्नास-साठ पट तेजस्वी असतं. `Highlight Burn` 1 वरून 0.4 पर्यंत आणलं, की ते सावरतं. त्याहून फार खाली गेलात, तर पांढऱ्या वस्तू करड्या पडतात. त्यापेक्षा दारावर पातळ पडदा सोडा.

रंगाची चूक वेगळी आहे. दिव्याला हाताने गडद नारिंगी रंग देऊ नका, तापमान 3000K लिहा. कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्स 6500 वर असेल, तर दिवे केशरी होतात. 3000 वर आणला, तर खिडकी निळीशार होते. 4500 ते 5000 च्या दरम्यान दोन्ही आपापल्या रंगात राहतात.

`Light Mix` सुरू ठेवलंत, तर खिडकी आणि दिवे यांचं प्रमाण रेंडर झाल्यावरही बदलता येतं. पण सूर्याची दिशा त्यात बदलत नाही. म्हणून उन्हाचं दृश्य करायचंच असेल, तर स्केचअपमध्ये जागा पुणे आहे का ते आधी बघा. मूळ टेम्पलेटमध्ये अमेरिकेतलं बोल्डर असू शकतं. ते 40 अंश उत्तरेला आहे, पुणे साडेअठरावर. आपल्याकडे मेच्या मध्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, म्हणून तेव्हा खिडकीतून ऊन आत येत नाही. बोल्डरच्या सूर्याने मात्र दक्षिणेच्या खिडकीतून फरशीवर पट्टा पडलेला दिसेल.