ट्रॅव्हलिंग आणि डबल ड्रिबल: पावलं मोजण्याआधी हात बघा, या चुका टाळा

माझ्याकडे बास्केटबॉलच्या सरावाला येणारी एक मुलगी उजव्या हाताने ले-अप, म्हणजे धावत येऊन बास्केटजवळून मारायचा शॉट, छान करायची. सरावात एकही चूक नाही, पण सामन्यात समोर बचाव करणारी खेळाडू आली की दर दोन-तीन ले-अपमागे एकदा शिट्टी. रेफरी दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून ट्रॅव्हलिंगची, म्हणजे चेंडू धरून नियमाबाहेर पावलं टाकल्याची, खूण करायचा आणि ती रडवेली होऊन म्हणायची, "सर, मी दोनच पावलं टाकली हो!" मी बाकावरून बघायचो तेव्हा मलाही दोनच दिसायची. शेवटी तिच्या सहा-सात ले-अपचं मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिलं. पावलं दोन्ही वेळेला तीच होती: डावा, उजवा, डावा आणि उडी. फरक हातात होता.

चांगल्या ले-अपमध्ये डावा पाय जमिनीवर टेकलेला असताना चेंडू तिच्या हातात स्थिरावत होता. शिट्टी वाजलेल्या ले-अपमध्ये तोच डावा पाय अजून हवेत असतानाच तिने चेंडू दोन्ही हातांनी धरलेला होता. अर्ध्या पावलाचा फरक, पण त्यामुळे मोजणी बदलते. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमात चेंडू ताब्यात येतो त्या क्षणी जो पाय जमिनीवर असतो, तो मोजला जात नाही. यालाच झिरो स्टेप किंवा गॅदर स्टेप म्हणतात. त्यानंतर टेकणारा पाय पहिलं पाऊल, पुढचा दुसरं. म्हणजे पहिल्या प्रकारात डावा शून्य, उजवा एक, डावा दोन, आणि उडी नियमात बसते. दुसऱ्या प्रकारात डावा एक, उजवा दोन, डावा तीन. रेफरीची शिट्टी बरोबर होती.

ही सवलत फिबाने २०१७ मध्ये आणली. अमेरिकेतल्या शालेय नियमांत ती नाही. तिथे चेंडू धरताना जमिनीवर असलेला पायच पिव्हट, म्हणजे जागेवरून न हलवता ज्यावर फिरायचं तो पाय, ठरतो, म्हणून वर सांगितलेला चांगला ले-अपसुद्धा तिथे चुकीचा ठरू शकतो. आपली स्पर्धा कोणत्या नियमावर आहे हे आधी विचारून घ्या. मी इथे सगळं फिबाच्या नियमाप्रमाणे सांगतोय.

पहिली चूक: मोजणी पायापासून सुरू करणं

चेंडू हातात थांबला की त्या एका क्षणी दोन गोष्टी घडतात: ड्रिबल, म्हणजे चेंडूचे टप्पे मारत जाणं, संपतो आणि पावलांची मोजणी सुरू होते. ट्रॅव्हलिंग आणि डबल ड्रिबल हे दोन वेगळे नियम वाटतात, पण दोन्ही याच क्षणाला टांगलेले आहेत. तो क्षण ओळखता आला की निम्मे वाद मिटतात.

बऱ्याच जणांना वाटतं, दोन्ही हातांनी धरला तरच चेंडू ताब्यात आला. तसं नाही. चेंडू एका तळहातावर जरी विसावला तरी ड्रिबल संपला. युरो स्टेप करताना खेळाडू एकाच हाताने चेंडू खालून उचलतो, दोन पावलं टाकतो आणि मग दुसरा हात लावतो. त्याच्या हिशेबात दुसरा हात लागल्यावर मोजणी सुरू झालेली असते, रेफरीच्या हिशेबात त्याआधीच.

त्या मुलीचा दोष घाईचा होता. बचाव करणारी चेंडूवर हात मारेल या भीतीने ती शेवटचा टप्पा अंगाजवळ, हलकासा मारायची आणि लगेच झडप घालून चेंडू धरायची. उपाय म्हणून तिला पावलं कमी करायला सांगितलं नाही. उजवा पाय टेकताना शेवटचा टप्पा जोरात आणि जरा पुढे मारायचा, एवढंच ठरवलं. चेंडू वर येईपर्यंत डावा पाय आपोआप टेकलेला असतो. सुरुवातीला चालत, तोंडाने मोठ्याने म्हणत: "टप्पा, शून्य, एक, दोन." मग हळू धावत, आणि मग समोर कुणाला तरी उभं करून. तिसरी पायरी वगळू नका, कारण तिची चूक फक्त समोर कुणी असतानाच व्हायची.

दुसरी चूक: उभ्या उभ्या गॅदर स्टेप मागणं

हा गैरसमज सध्या सगळ्यात जास्त दिसतो. झिरो स्टेप फक्त चालत्या-धावत्या खेळाडूला आहे: धावताना पास घेतला किंवा धावताना ड्रिबल संपवला तर. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभं राहून पास घेतला, तर शून्य-बिन्य काही नाही. एक पाय उचललात की दुसरा पिव्हट झाला.

आता ड्रिबल सुरू करायचा आहे. उजवा पाय पुढे टाकलात, म्हणजे डावा पिव्हट. डावा पाय उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलेला हवा. खाली जाऊन टप्पा पडलाच पाहिजे असं नाही, पण हात सोडलेला हवा. मैदानावर काय होतं? खेळाडूला झटक्यात निघायचं असतं. तो उजवा पाय टाकतो, अंग पुढे झुकतं, डाव्या पायाची टाच उठते, पंजा उठतो, आणि चेंडू अजून हातातच. बाहेरून बघणाऱ्याला हे इतकं सहज दिसतं की शिट्टी वाजली की सगळे रेफरीवर ओरडतात.

ओळखायचं कसं? बाजूने चित्रण करा आणि पिव्हट पायाचा पंजा जमीन सोडतो ती फ्रेम थांबवा. त्या फ्रेममध्ये चेंडू आणि तळहात यांच्यामध्ये फट दिसते का ते बघा. फट नसेल तर ट्रॅव्हलिंग. टाच उठलेली चालते, पंजाच्या चवड्यावर फिरलेलं चालतं. पंजा घसरलेला किंवा फरफटलेला चालत नाही.

मला उपयोगी पडलेली युक्ती अशी की पाय आणि चेंडू एकाच वेळी पुढे न्यायचे. पाऊल टाकून मग टप्पा, हा क्रम डोक्यातून काढायचा. पुढे टाकलेला पाय टेकतो तेव्हाच चेंडूही त्याच्या शेजारी जमिनीवर आपटलेला हवा.

धावताना पास घेतलात तर थोडी मोकळीक मिळते. समजा उजवा पाय टेकलेला असताना पास हातात आला: उजवा शून्य, डावा एक. आता ड्रिबल करायचा असेल तर उजवा पुन्हा टेकण्याआधी, म्हणजे दुसऱ्या पावलाआधी, चेंडू सोडायला हवा. दोन पावलांची मुभा थांबायला, पास द्यायला किंवा शॉट मारायला आहे. ड्रिबल सुरू करायला ती पूर्ण दोन पावलं मिळत नाहीत, हे लक्षात न ठेवल्याने वेगाने सुटणारे खेळाडू हमखास फसतात.

तिसरी चूक: थांबल्यावर हव्या त्या पायावर फिरणं

थांबण्याच्या पद्धतीवर पिव्हट ठरतो, आपल्या सोयीवर नाही. एकामागोमाग एक पाय टेकवून थांबलात तर पहिल्या पावलाचा पाय पिव्हट. गॅदरनंतर, म्हणजे चेंडू ताब्यात आल्यावर, दोन्ही पाय एकदम टेकवून पहिल्याच पावलात थांबलात, तर कोणताही पाय निवडा. म्हणूनच बास्केटजवळ खेळणारे दोन पायांवर थांबणं पसंत करतात. दोन्ही बाजूंना फिरता येतं.

एक प्रकार मात्र फसवा आहे. गॅदरनंतर पहिलं पाऊल एका पायाचं टाकलं, त्याच पायावरून उडी घेतली आणि दुसरं पाऊल म्हणून दोन्ही पायांवर एकदम उतरलात. उतरणं नियमात बसतं, पण आता पिव्हट करता येत नाही. शॉट मारा किंवा पास द्या. पाय उचललात तर तो परत टेकण्याआधी चेंडू सुटलेला हवा. दिसायला हे थांबणं आधीच्यासारखंच असतं, म्हणून खेळाडू निर्धास्तपणे फिरतो आणि शिट्टी ऐकतो. ताबा मिळाल्यावर तोच पाय लागोपाठ दोनदा टेकवणंही चूक आहे.

याउलट, स्टेप थ्रू, म्हणजे पिव्हट पाय उचलून पुढे जात मारलेला शॉट, पाहिलं की लोक विनाकारण ट्रॅव्हलिंग ओरडतात. पिव्हट पाय उचलणं म्हणजे ट्रॅव्हलिंग नव्हे. शॉट किंवा पास करायचा असेल तर पिव्हट पाय उचलता येतो, फक्त चेंडू सुटण्याआधी तो परत जमिनीला लागायला नको. तसंच शॉटसाठी उडी मारून, कुणीही चेंडूला हात न लावता, चेंडू घेऊनच खाली आलात तर मात्र ट्रॅव्हलिंग.

डबल ड्रिबल: थांबलेला चेंडू पुन्हा आपटणं

दोन्ही हातांनी ड्रिबल करणं किंवा ड्रिबल थांबवून पुन्हा सुरू करणं, हे सगळ्यांना माहीत असतं. खरी अडचण हेझिटेशन मूव्हमध्ये येते. समोरच्याला चकवायला खेळाडू वेग कमी करतो, चेंडू कमरेपर्यंत वर येऊ देतो आणि हात चेंडूच्या बाजूने खाली सरकतो. क्षणभर चेंडू तळहातावर विसावतो. पुन्हा तोच क्षण! ड्रिबल तिथे संपला आणि पुढचा टप्पा दुसरा ड्रिबल झाला. चेंडू किती वर गेला याला महत्त्व नाही, हात त्याच्या खाली जाऊन तो थांबला का, याला आहे. सराव करताना चेंडूवर खडूने एक जाड पट्टी काढा आणि चित्रणात बघा. वर येताना पट्टी फिरत राहिली तर ठीक, तळहाताला चिकटून थांबली तर शिट्टी येणार.

ड्रिबल संपल्यावर चेंडू गेला आणि परत मिळाला, तर पुन्हा ड्रिबल करता येतो का? मधे काय झालं त्यावर ठरतं. प्रतिस्पर्ध्याने हात मारून चेंडू उडवला आणि तुम्ही तो परत मिळवला, तर नवा ड्रिबल करता येतो. बास्केटवर खरोखर शॉट मारला आणि स्वतःच पकडला, तरी करता येतो, अगदी रिंगला लागला नसला तरी. पण चेंडू नुसता हातातून निसटला आणि दुसऱ्या कुणाचाही स्पर्श झाला नाही, तर तो उचलता येतो, ड्रिबल करता येत नाही. मुलं इथे घाबरून लगेच टप्पा मारतात. मी त्यांना सांगतो: निसटलेला चेंडू आधी दोन्ही हातांनी धरा आणि सोबती शोधा.

त्या मुलीचं चित्रण आजही माझ्या मोबाईलमध्ये आहे. नवीन कुणी "मी दोनच पावलं टाकली" म्हणालं की ते काढतो, तिचा डावा पाय जमिनीपासून बोटभर वर असतानाची फ्रेम थांबवतो आणि विचारतो, "चेंडू कुठे आहे सांग."