रक्त-लघवीचा रिपोर्ट मराठीतून समजावताना कोणते शब्द इंग्रजीच ठेवावेत?

रिपोर्ट समजावून सांगण्याचे काम डॉक्टर करतातच, पण त्यांच्याआधी आणि त्यांच्यानंतर ते परिचारिका, आशा सेविका, लॅबच्या खिडकीवरचा कर्मचारी आणि घरातली शिकलेली मुले-सुनाही करत असतात. कोणी सगळेच इंग्रजीत सांगून मोकळे होतो, तर कोणी प्रत्येक शब्दाला पाठ्यपुस्तकातला मराठी प्रतिशब्द शोधत बसतो. दोन्ही वेळा रुग्ण मान हलवतो आणि बाहेर येऊन सोबतच्या माणसाला विचारतो, ‘काय म्हणाले?’ कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता उलगडायचा, हे ठरवण्याची एक पद्धत खाली एकाच रिपोर्टच्या आधाराने दिली आहे.

उदाहरणादाखल अडुसष्ट वर्षांच्या, अनेक वर्षांपासून मधुमेह असलेल्या एका आजींचा रिपोर्ट घेऊ. त्यात हिमोग्लोबिन ९.८, क्रिएटिनिन १.४, ईजीएफआर ४१, एचबीएवनसी ७.९ आणि लघवीच्या तपासणीत पस सेल्स ३ ते ४ असे लिहिले आहे.

पायरी १ : शब्दांचे तीन गट करा

बोलायला सुरुवात करण्यापूर्वी रिपोर्टवरून एकदा नजर फिरवावी आणि शब्द मनातल्या मनात वेगळे करावेत. पहिला गट तपासणीच्या नावांचा, म्हणजे हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, प्लेटलेट, टीएसएच. दुसरा शरीराच्या भागांचा आणि शरीरातल्या गोष्टींचा, म्हणजे किडनी, लिव्हर, लघवी, साखर. तिसरा निकालाच्या शब्दांचा, म्हणजे हाय, लो, नॉर्मल, पॉझिटिव्ह, ट्रेस. पहिला गट इंग्रजीच ठेवावा, दुसरा रुग्णाच्या तोंडी असेल तसा घ्यावा आणि तिसरा कधीही एका शब्दावर सोडू नये, त्याचे पूर्ण वाक्य करावे.

पायरी २ : तपासणीचे नाव तसेच ठेवा, पण त्याला एक मराठी वाक्य जोडा

नाव इंग्रजी ठेवण्याचे कारण व्यवहाराचे आहे. तीन महिन्यांनी हीच तपासणी पुन्हा करायची असेल, तर आजींना किंवा त्यांच्या मुलाला लॅबच्या खिडकीवर तेच नाव सांगावे लागते, जुन्या कागदावर तेच शोधावे लागते आणि गाव बदलले तर नव्या डॉक्टरांपुढे तेच उच्चारावे लागते. प्लेटलेटला शाळेच्या पुस्तकात रक्तपट्टिका म्हटलेले आहे, पण डेंग्यूच्या दिवसांत गावोगावी चौकशी होते ती ‘प्लेटलेट किती झाल्या?’ अशीच. तेथे रक्तपट्टिका म्हटल्यास समोरच्याला एका अनोळखी शब्दाऐवजी दोन शिकावे लागतात.

नुसते नाव सांगूनही भागत नाही. नावामागोमाग ते काय मोजते हे सांगणारे एकच वाक्य यावे, आणि ते दर वेळी तेच असावे. हिमोग्लोबिनसाठी असे म्हणता येईल : ‘रक्ताला लाल रंग देणारा आणि श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवणारा जो पदार्थ रक्तात असतो, त्याचे हे मोजमाप आहे.’ क्रिएटिनिनसाठी : ‘स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा हा टाकाऊ पदार्थ आहे; किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते, म्हणून किडनीचे काम मंदावले की तो रक्तात साठू लागतो.’ दुसऱ्या वाक्यात ‘स्नायूंच्या’ हा शब्द वगळू नये. तो पुढे उपयोगी पडतो.

हिमोग्लोबिनच्या बाबतीत एक सोपी वाट नेहमी घेतली जाते, ती म्हणजे ‘अंगात रक्त कमी आहे’ असे सांगणे. हे बोलीत रूढ आहे आणि रुग्णाने म्हटले तर ते खोडू नये, पण आपण सांगताना केवळ त्यावर थांबू नये. रक्त कमी म्हणजे ते मापाने कमी, अशी समजूत होते आणि मग ‘बाटली चढवा’ हा आग्रह सुरू होतो. ‘रक्त तेवढेच आहे, त्यातले हिमोग्लोबिन कमी आहे’ एवढे वाक्य जोडले की पुढचे बोलणे सरळ होते. आजाराचे नाव सांगण्याची वेळ आलीच तर ‘ॲनिमिया’ हा शब्द मला अधिक सुरक्षित वाटतो. ‘रक्तक्षय’ शुद्ध आहे खरा, पण त्यातला ‘क्षय’ ऐकून एखाद्याच्या मनात टीबी उभा राहू शकतो. शिवाय २०१८ पासून चालू असलेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या कार्यक्रमाच्या नावातही हाच शब्द आहे.

या पायरीवर फसवणारा शब्द एचबीएवनसी हा आहे. काही लॅब त्याचे पूर्ण नाव ‘ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन’ असे छापतात. आजींच्या रिपोर्टात खरे हिमोग्लोबिन ९.८ आणि हे ७.९ आहे, घरी गेल्यावर कोणीतरी दुसरी ओळ वाचून ‘हिमोग्लोबिन आठच्याही खाली गेले’ असे सांगून सर्वांना घाबरवू शकतो. म्हणून येथे इंग्रजी नावावर बोट ठेवून दाखवावे, पण बोलताना ‘तीन महिन्यांची साखर’ असे म्हणावे. हा शब्दप्रयोग रुग्णांमध्ये आधीच रुळलेला आहे आणि अर्थालाही बराच जवळ आहे, कारण ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेच्या सरासरीचा अंदाज देते.

पायरी ३ : अवयवाचे नाव रुग्णाकडून घ्या

आजी स्वतः ‘किडनी’ म्हणत असतील तर ‘मूत्रपिंड’ शिकवायला जाऊ नये, आणि त्या ‘मूत्रपिंड’ म्हणत असतील तर आपणही तेच म्हणावे. लघवीला मात्र लघवीच म्हणावे. ‘युरीन’ने काही साधत नाही आणि ‘मूत्र’ बोलण्यात परके वाटते. यकृतासाठी ‘लिव्हर’ चालते. ‘काळीज’ टाळावे, कारण तो शब्द हृदयासाठीही वापरला जातो. शंका असल्यास उजव्या बाजूला बरगड्यांखाली हात ठेवून दाखवावे.

पायरी ४ : निकालाचा शब्द उघडून सांगा

सर्वांत जास्त गोंधळ या छोट्या शब्दांमुळे होतो. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगले की वाईट, हे तपासणीवर अवलंबून असते. त्यातच रक्तगटाचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह निराळेच. म्हणून ‘निगेटिव्ह आहे’ एवढ्यावर न थांबता ‘ज्या आजाराची शंका होती त्याची खूण या तपासणीत सापडली नाही’ असे म्हणावे. ‘नॉन-रिॲक्टिव्ह’चेही तसेच.

लघवीतल्या पस सेल्सबाबत उलटी काळजी घ्यावी लागते. त्याचे शब्दशः मराठी ‘पू’ होते, आणि ‘लघवीत पू आहे’ हे ऐकून कोणीही हादरेल. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृश्यक्षेत्रात पाचपर्यंत अशा पेशी दिसणे सहसा चिंतेचे नसते. आजींच्या रिपोर्टातल्या ३ ते ४ साठी ‘लघवीत जंतुसंसर्ग दाखवण्याइतक्या पांढऱ्या पेशी नाहीत’ हे पुरेसे आहे. म्हणजे येथे मराठी शब्द उपलब्ध असूनही तो न वापरणेच योग्य.

पायरी ५ : आकडा बोलण्याच्या रीतीने सांगा

एकके, म्हणजे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वगैरे, बोलताना सोडून द्यावीत. ती कागदावर आहेतच. दशांश चिन्ह मात्र कधीही सोडू नये. १.४ आणि १४ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि घाईत सांगितलेले ‘एक-चार’ घरी पोचेपर्यंत ‘चौदा’ होते. ‘एक पॉइंट चार’ असे सावकाश म्हणावे.

आकड्याबरोबर त्याची मर्यादाही सांगावी, आणि ती त्या व्यक्तीला लागू पडणारी असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि प्रौढ पुरुषाचे १३ च्या खाली गेल्यास ॲनिमिया मानतात, म्हणजे १२.५ हा एकच आकडा नवऱ्यासाठी कमी आणि बायकोसाठी पुरेसा ठरतो.

क्रिएटिनिनमध्ये हा फरक आणखी मोठा असतो, आणि पायरी २ मधला ‘स्नायूंच्या’ हा शब्द येथे कामाला येतो. ज्याचे स्नायू भरदार, त्याच्या शरीरात क्रिएटिनिन मुळातच जास्त तयार होते. म्हणून लॅब वय आणि लिंग विचारात घेऊन ईजीएफआर काढते, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज. २०२१ च्या सुधारित सूत्राने अडुसष्ट वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिन १.४ असेल तर ईजीएफआर ४१ च्या आसपास येतो. अठ्ठावीस वर्षांच्या पुरुषाचे तेच १.४ असेल तर तो ७० च्या आसपास येतो. ‘थोडेसेच वाढले आहे’ हे वाक्य त्यामुळे आजींच्या बाबतीत दिशाभूल करणारे ठरते. ईजीएफआर हे नाव इंग्रजीच ठेवावे आणि ‘किडनीची गाळण्याची क्षमता’ असे त्याचे वाक्य करावे. ‘किडनी एक्केचाळीस टक्के’ असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आकडा टक्केवारीचा नाही आणि ‘साठ टक्के किडनी गेली’ असा त्याचा उलटा अर्थ लगेच काढला जातो.

पायरी ६ : सगळे एकत्र सांगा

आता आजींशी बोलणे साधारण असे होईल :

‘आजी, तुमच्या रक्तातले हिमोग्लोबिन नऊ पॉइंट आठ आहे, ते बाराच्या पुढे हवे. रक्त तेवढेच आहे, पण अंगभर प्राणवायू पोचवणारा पदार्थ त्यात कमी आहे, त्यामुळे दम लागणे, थकवा येणे असे होऊ शकते. दुसरे म्हणजे क्रिएटिनिन एक पॉइंट चार आहे. किडनीने बाहेर टाकायचा पदार्थ रक्तात थोडा साठतो आहे. तुमच्या वयाच्या हिशेबाने किडनीची गाळण्याची क्षमता कमी दिसते. ती कायमची कमी आहे का, हे एका तपासणीवरून ठरत नाही. किमान तीन महिने हे असेच राहिले तर डॉक्टर तसे म्हणतील. तीन महिन्यांची साखरही थोडी जास्त आहे. लघवीत जंतुसंसर्गाची खूण दिसत नाही. डॉक्टरांना भेटेपर्यंत अंगदुखीची गोळी मनाने घेऊ नका, कारण त्यातल्या काही गोळ्या किडनीला त्रास देतात.’

यात पाच इंग्रजी शब्द आले : हिमोग्लोबिन, पॉइंट, क्रिएटिनिन, किडनी आणि डॉक्टर. यांपैकी नवा असलाच तर एकच. किडनी रक्तनिर्मितीला चालना देणारा अंतःस्राव तयार करते, म्हणून या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असू शकतो. पण तसा तो आहे का आणि लोहाच्या गोळ्या पुरतील का, हे डॉक्टरांनी सांगायचे आहे. समजावणाऱ्याने तेथे थांबावे.

पायरी ७ : परत म्हणवून घ्या

‘समजले का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. ‘घरी गेल्यावर मुलाला काय सांगाल?’ असे विचारावे. आजी ‘क्रेटिन वाढलंय, किडनीची गाळणी मंद झालीय, तीन महिन्यांनी परत तपासायचं’ असे म्हणाल्या तर उच्चार सुधारत बसण्याची गरज नाही. त्या ‘रक्त चढवायचंय’ किंवा ‘किडनी फेल झालीय’ असे म्हणाल्या, तर मात्र फक्त त्याच नावाचे वाक्य पुन्हा, त्याच शब्दांत सांगावे. शेवटी रिपोर्टवरच्या हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन या दोन ओळींखाली पेनाने रेघ मारून शेजारी मराठीत ‘प्राणवायू नेणारे’ आणि ‘किडनीचे’ असे लिहून द्यावे आणि हा कागद पुढच्या तपासणीला सोबत आणायला सांगावे.