सकाळचं जेवण संध्याकाळी उलटीत: बलूनच्या आधी काय पाहायचं

एंडोस्कोपी शिकायला नव्याने आलेल्यांसाठी एक रुग्ण सांगते. पन्नाशीचे गृहस्थ, सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घेणारे. संध्याकाळी उलटी व्हायची आणि तीत सकाळी खाल्लेलं जसंच्या तसं असायचं. अशा वेळी उलटीचा रंग आवर्जून विचारा. त्यांच्या उलटीत पित्त नव्हतं, म्हणजे अडथळा पित्तनलिका उघडते त्याच्या वर, बहुधा पायलोरसपाशी. जेवून चार तास झाले होते, तरी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून त्यांना हलवलं की पाणी डचमळल्याचा आवाज यायचा.

रक्तात पोटॅशियम 2.8, क्लोराइड कमी, बायकार्बोनेट वाढलेलं. उलटीतून आम्ल आणि क्लोराइड जात राहतं, म्हणून इथे नॉर्मल सलाईनच लागतं. लघवी नीट होऊ लागली की त्यात पोटॅशियम. हे सुधारेपर्यंत एंडोस्कोपीची घाई नको.

जठर रिकामं करणं हा मला सर्वात महत्त्वाचा टप्पा वाटतो. बारीक नळी अन्नाच्या कणांनी तुंबते, म्हणून जाड नळी घालून जठर धुऊन काढावं लागतं. तरीही आत अन्न उरलं असेल तर श्वासनलिकेत नळी टाकूनच पुढे जा. भूल दिलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात ते अन्न गेलं तर जिवावर बेतू शकतं.

आत पायलोरस आवळलेला होता, जुन्या अल्सरचा व्रण वाटत होता. पण नजरेवर विसंबू नका. कडेचे अनेक तुकडे बायोप्सीला पाठवा. अहवाल स्वच्छ आला आणि शंका उरली, तर पुन्हा घ्या आणि सीटी करा. गाठ आतल्या थरात पसरत असेल तर वरवरच्या तुकड्यात ती सापडत नाही.

त्यांच्या बायोप्सीत कर्करोग नव्हता, मग बलून. क्ष-किरणांखाली आधी तार अरुंद भागापलीकडे गेल्याची खात्री केली. 8 ते 10 मिलिमीटरचा बलून टप्प्याटप्प्याने फुगवला, साधारण मिनिटभर धरला. बलूनच्या मधली खाच नाहीशी झाली की ताण पुरेसा मिळाला. त्याच दिवशी आणखी मोठा घालायचा मोह होतो, तो टाळा. पुढच्या खेपांना आम्ही 12 आणि मग 15 पर्यंत गेलो. त्यापुढे जठर फाटण्याचा धोका वाढतो. नंतर पोटात वाढती कळ, जलद नाडी किंवा मानेच्या त्वचेखाली हवा जाणवली, तर तोंडाने काहीही न देता लगेच सीटी करा आणि सर्जनला बोलवा.

त्यांच्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी सापडला. त्यावरचे उपचार दिले, वेदनाशामक बंद केले, आम्ल कमी करणारं औषध चालू ठेवलं. हे करायचं राहिलं तर उघडलेली वाट पुन्हा आवळते. इतकं करूनही ती पुन्हा पुन्हा आवळत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. गाठ निघाली असती तर बलूनचा उपयोग अल्पकाळच झाला असता. मग शस्त्रक्रिया, स्टेंट किंवा जठर आतड्याला जोडणारी बायपास वाट, हे रुग्णाच्या अवस्थेवरून ठरतं.